सोळा मात्रांचा पाठलाग

आमच्या कापूरहोळला रेल्वे नाही. चौकात उभं राहिलं की उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर-सासवड आणि समोर सातारा, एवढ्यावर आमचं भागतं. एसटी नाही मिळाली तर वडाप आहेच. त्यामुळे किर्लोस्करवाडीच्या एका लग्नासाठी पुण्याला उलटं जाऊन कोयना एक्सप्रेस पकडायची, हा बेत माझाच आणि हौसेचा. नवरा म्हणाला, ‘दारातून रस्ता जातो आणि तुला रूळ हवेत!’ त्याचं तेव्हा ऐकलं असतं तर पुढची कित्येक वर्षं घरात शांतता नांदली असती.

शिंदवण्याचा घाट चढताना गाडी मंदावली आणि पलीकडच्या बाकावरून एक धून ऐकू यायला लागली. एक पोरगा मोबाईल मांडीवर ठेवून बसला होता. त्यातून हार्मोनियमचे सूर येत होते. शब्द नाहीत, गाणारा नाही. एक लहानशी ओळ फिरून फिरून तीच. जेजुरी गेली, नीरा गेली, ओळ तीच. हळूहळू तिची गती मात्र वाढत होती. पोरगा लोणंदला उतरून गेला आणि धून माझ्या डोक्यात राहिली. विचारायला हवं होतं, पण अनोळखी पोराला ‘बाळा, हे कुठलं गाणं?’ विचारायला तेव्हा संकोच वाटला. पुढे हाच प्रश्न मी चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळ्यांना गाऊन विचारला, तेव्हा तो संकोच कुठे गेला होता कोण जाणे.

माझ्या आवाजाबद्दल सांगायचं तर मी गायला लागले की सासूबाई गॅस बंद आहे का बघायला उठतात. तरी लोक ऐकत आणि आपापल्या परीने उत्तरही देत. आमचे एक चुलत सासरे ठामपणे म्हणाले, ‘ही आकाशवाणीची धून. पहाटे लागायची.’ ती मी लहानपणापासून ऐकलेली, ती नव्हेच. पण त्या निमित्ताने कळलं की ती धून १९३६ साली वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकाराने बांधली आणि तिच्यात शिवरंजनीचे सूर आहेत. म्हणजे दुसऱ्याच धुनीचा बाप सापडला, माझी पोरकीच राहिली.

भाच्याने मोबाईलवर गाणं ओळखणारं ॲप टाकून दिलं. असली ॲप मूळ रेकॉर्डिंगचा ठसा जुळवतात. तेच रेकॉर्डिंग ऐकवलं तर चुटकीसरशी नाव सांगतात. मी ऐकवत होते माझा गळा, आणि त्याचं रेकॉर्डिंग काढायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

गाण्यातले जाणकार भेटले ते मात्र एकमुखाने म्हणत, ‘मालकंस.’ मग मी मालकंसाच्या मागे लागले. ‘बैजू बावरा’मधलं नौशादांचं भजन ऐकलं, नाट्यपदं ऐकली, रात्री उशिरा बड्या गवयांच्या मैफली ऐकल्या. नवरा उशी कानावर दाबून झोपायला शिकला. सगळं ओळखीचं वाटायचं, पण माझी धून त्यात नसायची.

शेवटी आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना गाठलं. भजन सुरू व्हायला वेळ होता. बुवांनी पेटी पुढे ओढली, माझ्यासाठी पांढरी एकचा सा धरला आणि म्हणाले, ‘गा वहिनी.’ मी गायले. बुवांची बोटं पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच अशी फिरली. ‘मालकंसच,’ ते म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

कोपऱ्यात पखवाजवाले काका कणीक मळत बसले होते. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात, त्याशिवाय तिला खर्ज येत नाही. काकांनी गोळा थापला, हाताने वाजवून पाहिलं, थोडी कणीक काढली, पुन्हा वाजवलं. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, ‘वहिनी, ते पोरगं नुसतं ऐकत होतं, का हाताने काही करत होतं?’

करत होतं की! मांडीवरच्या सॅकवर सारखी बोटं आपटत होतं. मला त्या टकटकीचा वैताग आला होता. धून नीट ऐकू येईना म्हणून मी त्याच्याकडे दोनदा डोळे वटारून बघितलंही होतं. एवढ्या वर्षांत शेकडो लोकांना धून गाऊन दाखवली, पण ही टकटक कुणाला सांगावी असं मनातही आलं नव्हतं.

‘मग ते गाणं नव्हेच,’ काका म्हणाले. ‘तो लेहरा.’

तबलजी एकटा वाजवतो तेव्हा त्याला सोबत म्हणून पेटीवर किंवा सारंगीवर एक ओळ सतत वाजत असते, ती लेहरा. कुणी नगमा म्हणतं. तीनतालाच्या सोळा मात्रांत ती बरोबर बसवलेली असते आणि सोळा संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरू. तबलजी कितीही आडवातिडवा हिंडला तरी ओळ ऐकून त्याला कळतं की आता आपण कुठल्या मात्रेवर आहोत आणि सम किती लांब आहे. म्हणून लेहरा धरणाऱ्याने हरकती घ्यायच्या नाहीत, काही सजवायचं नाही. तो म्हणजे शेताचा बांध, त्यानेच इकडेतिकडे सरकून कसं चालेल? उस्ताद झाकीर हुसेन यांच्यामागे सारंगीवर उस्ताद सुलतान खाँ बसत, तेव्हा एवढा मोठा कलावंतसुद्धा तीच ओळ धरून असायचा. आणि रियाज करणारी मुलं आता मोबाईलवर लेहरा लावतात, हाताने बोल पक्के करतात. लय वाढवायची तर लेहऱ्याचीच वाढवतात. घाटात गाडी हळू आणि धून जलद का झाली, ते मला तेव्हा कळलं.

‘पण मालकंसात का सापडली नाही?’ मी विचारलं.

काका म्हणाले, ‘बुवा, काळी पाच सोडा. पांढरी सात घ्या.’ बुवांचं बोट जेमतेम एक पट्टी पुढे सरकलं. कोमल निषाद गेला, शुद्ध आला, मालकंसाचा चंद्रकंस झाला, आणि मी ‘हीच! हीच!’ म्हणून इतक्या जोरात ओरडले की बाहेर चपला काढत असलेली माणसं दारातच थबकली. तबला शिकणाऱ्यांच्या कानात चंद्रकंसाचा लेहरा इतका मुरलेला असतो की काकांना तो अंदाजाने सापडला. माझ्या कानात मालकंस मुरलेला, म्हणून मी आपोआप त्याचा निषाद लावत होते आणि जाणकार प्रामाणिकपणे मी गायलेलंच ओळखत होते.

एवढ्यावर थांबेल तर नशीब कसलं? काकांनी टाळी धरली आणि पुन्हा गायला सांगितलं. पहिली, पाचवी, तेरावी मात्रा टाळीची, नववी खाली. माझी सुरुवात दर वेळी नवव्या मात्रेवर पडत होती. गाडीत मी कान दिला तो आवर्तनाच्या मध्यावर, आणि तीच सुरुवात समजून बसले. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचा सूर लावून, मधूनच सुरू करून, नसलेल्या गाण्याचं नाव विचारत हिंडले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, ‘मग नाव काय?’

‘नाव नसतं. चंद्रकंसातला तीनतालाचा लेहरा, बस्स.’

‘आणि बांधला कुणी?’

‘तेही कुणी सांगत नाही.’

तो जे हसायला लागला ते जेवणं उरकेपर्यंत थांबला नाही.

पण काकांचा नातू सध्या तबला शिकतोय. मोबाईलपेक्षा माणसाच्या हाताचा लेहरा बरा, म्हणून काकांनी मला पेटीवर बसवलंय. बुवांनी शंका काढली, ‘वहिनींना पेटी कुठे येते?’ काका म्हणाले, ‘शिकतील. तीच ओळ वर्षानुवर्षं न कंटाळता म्हणणारं माणूस तालुक्यात दुसरं दाखवा.’

आता रोज संध्याकाळी मी सोळा मात्रा फिरवते. खबरदारी म्हणून काळी पाचवर चिकटपट्टी लावली आहे.