डाळ भिजली की फी बुडाली

प्रत्येक तालुक्यात एक तरी अशी मावशी असते, जिला पैसे घेताना लाज वाटते आणि परत देताना मात्र जरासुद्धा वाटत नाही. देवळ्यातली ही मावशी पुरणाचे मांडे शिकवते. क्लास रविवारी, फी बाराशे रुपये, जागा आठ. आठच का, असं कुणी विचारलं तर ती चुलीकडे बोट दाखवते. खापरं दोन. एका खापरावर एका वेळी एकीचाच मांडा पडणार; तो हातावर फिरवून मोठा करताना फाटणार, मग पुन्हा पहिल्यापासून. एका खापरामागे चौघींपेक्षा जास्त बसवल्या, तर बाकीच्यांनी नुसता धूर शिकून घरी जायचं.

जागा मर्यादित म्हणून गिऱ्हाईक धावतं आणि ऐनवेळी तेच गिऱ्हाईक गळतं. रविवारी सकाळी सहाला फोन येतो, "मावशी, आज कांदे काढायला मजूर मिळाले हो!" मावशी म्हणते, "मग काढा ना बाई, मांडे कुठे पळून चाललेत?" बाराशे रुपये परत. जिला गेल्या आठवड्यात "जागा नाही" म्हणून नाही म्हटलं, ती सटाण्याला बसून हळहळते. आठव्या पाटावर मांजर.

शेवटी मावशीच्या सुनेने मला कामाला लावलं. मी सोसायटीची इतिवृत्तं लिहून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे नियम म्हटले की माझा हात शिवशिवतो. मी झोकात लिहिलं : 'भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.' मावशीने वाचून विचारलं, "आणि मीच तापाने पडले तर?" प्रश्न बिनतोड होता. शिकवणारीच आली नाही, तर असल्या वाक्याचा आडोसा चालत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सेवेत कसूर झाली आणि पावतीवर मुदत लिहिलेली नसली, तर तीस दिवसांत पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आम्ही लिहिलं : क्लास आमच्याकडून रद्द झाला तर पूर्ण फी सात दिवसांत परत, किंवा पुढची तारीख, काय हवं ते शिकणारीने ठरवायचं.

मग शिकणारीकडून रद्द झाल्याचं कलम. मी 'अपरिहार्य कारण असल्यास' असं लिहिलं. मावशीने लगेच यादी सुरू केली : दशक्रिया, साखरपुडा, पाहुणे, कांद्याची लागवड, उमराण्याच्या मार्केटला भाव चढणं, भाव पडणं. आपल्याकडे अपरिहार्य नाही असं कारणच नाही! शिवाय खरंखोटं करायला मावशी बसणार, म्हणजे समोरची रडायच्या आधी हीच रडणार. ते शब्द खोडले आणि लिहिलं, 'कारण विचारलं जाणार नाही.' त्याने दोघींचीही अब्रू वाचली.

आता मुदत. मी 'बहात्तर तास' म्हणालो. मावशी म्हणाली, "तास कशाला मोजता भाऊ? माझे पैसे कधी अडकतात ते बघा." हे मात्र लाख बोलली. गुरुवार संध्याकाळपर्यंत तिचा एक पैसा गेलेला नसतो आणि नाव नोंदवून थांबलेल्या बाईला फोन करायला दोन दिवस हातात असतात. म्हणून तोवर पूर्ण बाराशे परत. शुक्रवारी गहू दळून पीठ वस्त्रगाळ होतं, गूळ-तूप येतं. एका जागेमागे साडेतीनशेचं सामान. म्हणून शुक्रवारपासून साडेआठशे परत. त्या जागेवर दुसरी बाई मिळाली तर उरलेले साडेतीनशेही परत, कारण एका पाटाचे दोनदा पैसे घेणं मावशीला पचणार नाही. शनिवारी संध्याकाळी डाळ भिजत पडली की परतावा बंद. मात्र आपल्या जागी जाऊ, नणंद, शेजारीण, कुणालाही पाठवावं. फक्त नाव आधी कळवावं.

हे सगळं फी घेण्याआधी फोनवर पाठवायचं, 'मान्य आहे' असं उत्तर आलं की मगच पैसे घ्यायचे, असंही ठरलं. पैसे घेतल्यावर दाखवलेला नियम म्हणजे नुसतं भांडणाचं आमंत्रण.

पहिल्याच रविवारी लोहोणेरची एक बाई आली नाही. कळवलं उशिरा, डाळ भिजल्यावर. बदली कुणी नाही. नियमाने शून्य. मावशीने खरोखरच एक रुपया परत दिला नाही. सुनेने मला कौतुकाने फोन केला. संध्याकाळी स्टँडवर बघतो, तर मावशी भलामोठा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"कुठे?"

"लोहोणेरला. तिच्या वाटणीचं पुरण, तूप आणि चार मांडे. सामानाचे पैसे आपण ठेवून घेतले ना? मग सामान तिचंच झालं की!"

"अहो, पण जायचा-यायचा खर्च?"

"एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे भाऊ," मावशी म्हणाली आणि बस लागली तशी डबा सांभाळत उठली.