पहिला पगार आणि अण्णांचे कान

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. अण्णा व आईस,


व्हॉट्सअॅप असताना पोस्टानं पत्र कशाला, हा अण्णांचा पहिला प्रश्न असणार. अण्णा, कारण असं की गेल्या रविवारी मी व्हिडिओ कॉलवर ओरडून सांगितलं, "अण्णा, पगार झाला!" आणि तुम्ही म्हणालात, "बाजार तर शुक्रवारीच झाला. म्हशी पडत्या भावात गेल्या." मग पुढची दहा मिनिटं आपण म्हशींवर बोललो. माझ्या आयुष्यातला पहिला पगार घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात असा विरून गेला. म्हणून आता लेखी कळवतो: पगार झाला.

कागदावर चार हजार युरो. इथला कर, आरोग्य विमा, पेन्शन वगैरे कापून हातात सव्वीसशेच्या आसपास. अण्णा, लगेच शंभरनं गुणू नका. गुणायचंच असेल तर दूधही शंभरनं गुणा, मग तुम्हीच मला पैसे पाठवाल. ताई-दाजी भाडं घेत नाहीत, पण किराणा आणि वीजबिल माझ्याकडं लावलंय. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चाळीस हजार. उरलेल्यातून पहिल्या पगाराची भेट म्हणून पन्नास हजार रुपये बाजूला काढलेत. त्याच्या वर एक रुपया नाही, असं ताईनं फ्रीजवर लिहून लावलंय.

या पन्नास हजारांचं काय करायचं यावर आमच्या स्वयंपाकघरात ग्रामसभा भरली. ताई म्हणाली, आईला सोनं. सोन्याचा भाव बघून ताई स्वतःच गप्प बसली. दाजी म्हणाले, पाय दाबायचं मशीन. गेल्या दिवाळीला दाजींनीच पाठवलेल्या मशीनवर सध्या पापड वाळतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. मग मी आईला फोन केला. आई म्हणाली, "आम्हाला काही नको, तू नीट जेव." आणि फोन ठेवता ठेवता मागं वळून ओरडली, "अहो, मोटार बंद करा! मोटार! मो-टा-र!" त्या तीन मोटारींमध्ये मला भेट सापडली.

अण्णा, रागावू नका. तुम्हाला कानाचं मशीन लागणार आहे.

तुम्ही म्हणणार, "मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात." अर्धं खरं आहे. वयामुळं आणि वर्षानुवर्षं ट्रॅक्टर-मळणीयंत्राजवळ उभं राहिल्यामुळं कान जातो तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. अ, आ, ओ हे जाड आवाज शाबूत राहतात, पण स, श, त, क, फ निसटतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. 'पगार'चा 'बाजार' तसाच झाला. मागं आईनं "मला ताप आलाय" म्हटल्यावर तुम्ही "साप? कुठं?" म्हणून काठी घेऊन पडवीत गेला होतात. कांद्याचा भाव विचारला तर तुम्ही चांद्याचा रस्ता सांगता. आवाज पोचतोय, फक्त मधली अक्षरं गळताहेत. समोरच्यानं ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडल्यावर स्वर मोठे होतात, गळालेली अक्षरं तशीच राहतात.

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं उत्तर दाजींनी दिलं. बाजारात म्हशीचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून होतो. बहिऱ्यालाही तिथं फसवता येत नाही. आणि घरी आई आहेच, ती तुमचा लाऊडस्पीकर. शनी शिंगणापूरला घरांना दारं नाहीत म्हणून लोक लांबून बघायला येतात. आपल्या घराला दार आहे, पण वाजवलेलं कळत नाही, त्यामुळं परिस्थिती तीच.

आता कामाचं. दुकानात जाऊन थेट मशीन घ्यायचं नाही. आधी नगरला कान-नाक-घसा डॉक्टर. (बसच्या पाटीवर अहिल्यानगर असेल, बस तीच.) डॉक्टर पहिल्यांदा कानात मळ आहे का बघतील. मळाचा खडा निघाला आणि सगळं ऐकू यायला लागलं, तर पन्नास हजार वाचले, त्याची कालवड घ्या, मी काही बोलणार नाही. कान वाहत असेल, एकाच कानानं कमी येत असेल किंवा अचानक एका दिवसात ऐकू येणं बंद झालं असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. तिथं मशीनआधी औषधाचा विचार असतो, आणि अचानक गेलेल्या कानाला उशीर परवडत नाही.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक 'टुं' आवाज आला की बटण दाबायचं. आला असेल असं वाटून दाबायचं नाही. तो लिलाव नाही, उगाच बोली लावून फायदा नाही. शेवटी एक आलेख देतात. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. रेघ जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागतो. रेघ डावीकडं ठीक आणि उजवीकडं उतरत गेली, तर माझा अंदाज बरोबर. कानामागच्या हाडावर यंत्र ठेवूनही तपासतात. हाडावाटे चांगलं आणि हवेवाटे वाईट निघालं, तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, तिथं डॉक्टर काही करू शकतात. आलेखाचा फोटो मला पाठवा.

मशीन कुठलं, यावर ताईचं आणि माझं भांडण झालं. इथं चष्म्याच्या दुकानांतच कानाचा विभाग असतो आणि म्हातारी माणसं मशीन लावून खुशाल सायकलवर फिरतात. ताई म्हणाली, इथूनच घेऊन पाठव. पण एक तर भेट म्हणून पाठवलेल्या पार्सलवरची जुनी पाच हजारांची करसूट २०१९ च्या डिसेंबरात गेली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली. दुसरं आणि मुख्य म्हणजे मशीन आलेखाप्रमाणं संगणकावर लावून घ्यावं लागतं, नंतर दोन-चार वेळा कमी-जास्तही करावं लागतं. ते करणारा माणूस एसटीनं जाता येईल एवढ्या अंतरावर हवा. मशीन श्टुटगार्टचं आणि दुरुस्ती नगरला, हे जमत नाही.

भारतात साधं डिजिटल मशीन एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून मिळतं, वरची किंमत ऐकायला चांगला कान न लागलेला बरा. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. माझं मत असं: दोन्ही कान सारखेच उतरले असतील, तर एका कानाला चाळीस हजारांचं भारी घेण्यापेक्षा दोन्ही कानांना वीस-वीसची साधी घ्या. आवाज कुठल्या बाजूनं आला हे दोन कानांशिवाय कळत नाही, आणि आपल्या घरासमोरून ऊस भरलेले ट्रॅक्टर जातात. मोबाईलला जोडणारं, कानात दिसेनासं होणारं, असलं काही नको. कानामागं बसणारंच घ्या, १३ नंबरच्या सेलचं, नारंगी कागदाच्या पट्टीचं. त्याहून लहान सेल तुमच्या बोटांत राहणार नाही. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. आणि मोबाईलवर हजार रुपयांत दिसतं ते मशीन मागवायचं नाही. ते सगळेच आवाज सारखे मोठे करतं. तुम्हाला कुत्र्याचं भुंकणं नाही, आईचा 'स' मोठा हवाय.

पहिले काही दिवस त्रास होणार, हे आत्ताच सांगतो. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येईल. वाटी ठेवली तरी दचकाल. तेव्हा काढून कपाटात ठेवायचं नाही. आधी घरात, शांत वेळी, दोन-तीन तास, मग वाढवत न्यायचं. महिना-दीड महिन्यात डोकं सरावतं. शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, तर कानातला साचा नीट बसलेला नाही किंवा पुन्हा मळ साचलाय, दाखवून घ्या. आंघोळीला आणि फवारणीला काढून ठेवायचं. घामानं खराब होतं म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत. आणि एक गोष्ट कुणीही विकणारा सांगणार नाही: शुक्रवारच्या गर्दीत मशीन लावूनही नीट ऐकू येणार नाही. तिथं बोटांवरच भरवसा ठेवा.

शेजारच्या नानांना सांगा, ६५ वर्षांपुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत असल्या साधनांसाठी ३००० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. आपलं त्यात बसत नाही. अण्णा, तुम्ही बसवायला जाऊ नका.

पैसे आईच्या खात्यावर पाठवलेत. अण्णांच्या खात्यावर पाठवले असते, तर त्याचं खत झालं असतं. मुलानं आई-वडिलांना दिलेल्या भेटीवर आयकर नाही, बँकेत कुणी विचारलं तर तेवढंच सांगा. आई, तपासणीला तू बरोबर जा. मशीन लावून बघताना डॉक्टरांच्या आवाजावर ठरवू नका, ते रोज बहिऱ्यांशी बोलून सराईत झालेले असतात. तू अण्णांच्या पाठीमागं उभी राहा आणि नेहमीच्या आवाजात "ताप" म्हण. काठी शोधली नाही, तर मशीन बरोबर.

ताई-दाजींचा नमस्कार. त्यांचा पिंट्या मराठीत "आजोबा" म्हणायला शिकलाय, पण त्याचा 'ज' तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत मी त्याला फोनवर आणणार नाही.

आपला,
बाळू

ता. क. — आई, भेटीचं तिसऱ्यांदा विचारल्यावर तू हळूच म्हणालीस की मिक्सरचं मधलं भांडं खालून गळतं. त्याचे पैसे त्या पन्नास हजारांतच धरलेत. नवीन आणायला जाताना जुनं भांडं पिशवीत घालून ने. नुसत्या अंदाजानं आणलं, तर खालचा कपलर बसत नाही आणि दुकानदार परत घेत नाही. आणि आधी नुसतं वायसर बदलून बघ, बऱ्याचदा गळती तिथंच असते.