न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे

घरी येऊन शिकवणाऱ्या शिक्षकांची सोय करून देणाऱ्या संकेतस्थळावर ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ असा जो विभाग असतो, त्यातील बहुतेक प्रश्न वारंवार सोडाच, एकदाही कोणी विचारलेले नसतात. ‘आपली शिकवणी इतरांहून वेगळी कशी?’ हा प्रश्न पालकाच्या तोंडी घातला जातो खरा, परंतु चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडल्यावर रात्री साडेदहाला मोबाइल चाळू लागलेल्या आईला तो सुचण्याचा संभव फारच थोडा.

त्या आईच्या मनात असते ती अडखळ-शंका, म्हणजे जिच्यापायी विचारणा न करताच पान बंद केले जाते अशी शंका. आणि लेखकाची खरी पंचाईत अशी की ही शंका ज्यांना येते ते फोन करत नाहीत, आणि जे फोन करतात त्यांनी ती कशीबशी गिळलेली असते. म्हणून तिचा माग फोनवरील संभाषणाच्या कडेकडेने काढावा लागतो. ‘तसं काही नाही, पण…’ या शब्दांनंतर जे येते ते, आणि ज्या उत्तरानंतर पलीकडून ‘ह्यांना विचारून सांगते’ असे ऐकू येते ते उत्तर, दोन्ही महिनाभर वहीत जसेच्या तसे टिपून ठेवले, तर विभागाचा अर्धा मजकूर आपोआप तयार होतो. प्रश्न पालकांच्याच शब्दांत ठेवावा. ‘शुल्क-संरचना कशी आहे?’ असे आजवर कोणत्याही आईने म्हटलेले नाही, ती ‘फी किती?’ असेच म्हणते.

फीच्या प्रश्नाला मिळणारे रूढ उत्तर ‘विद्यार्थ्याच्या गरजेनुसार’ हे असते, आणि पालक त्याचा अर्थ ‘आमच्या फ्लॅटच्या आकारानुसार’ असा लावतात. उदाहरणादाखल असे धरले की आठवीच्या गणितासाठी तासाचा दर ४०० ते ६०० रुपये आहे, तर नुसता दर लिहूनही भागत नाही, कारण घरचा हिशेब महिन्याचा असतो; तेव्हा आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला १२ तास, आणि खर्च ४,८०० ते ७,२०० रुपये, हे उत्तराच्या पहिल्याच वाक्यात यावे. दर खाली-वर कशाने होतो, शिक्षकांचा खाडा झाल्यास तो तास भरून मिळतो की वजा होतो, आणि गणपतीत मूल आठवडाभर गावी गेले तर काय, हे त्याच्या पाठोपाठ सांगावे. आकडा वाचून काही पालक निघून जातील. पण ते आकडा फोनवर ऐकूनही जाणारच होते, फक्त त्याआधी दोन्ही बाजूंची वीस मिनिटे गेली असती.

दुसरी शंका फोन नंबरची. एकदा नंबर दिला की कोचिंगपासून गृहकर्जापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात, हा अनुभव घराघरांत असल्याने ‘आपली माहिती सुरक्षित आहे’ या वाक्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. त्याऐवजी कोण फोन करेल, किती वाजता आणि किती वेळा, हे लिहावे: एकच फोन, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान, आणि होकार मिळेपर्यंत शिक्षकांना नंबर दिला जाणार नाही. अर्थात, हे पाळता येत असेल तरच लिहावे. तिसऱ्या फोनला पालक हेच वाक्य वाचून दाखवतात.

सर्वांत खोल शंका मात्र लाजेची असते. सातवीतल्या मुलाला पाचवीचे अपूर्णांक येत नाहीत हे परक्या माणसासमोर कबूल करायचे, या धास्तीने विचारणा लांबते, आणि केलीच तर ‘हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही’ या राष्ट्रीय वाक्याने तिची सुरुवात होते. इथे ‘कमकुवत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष’ असे लिहिणे म्हणजे जखमेवर बोट ठेवून पत्ता विचारणे होय. ‘मागच्या इयत्तांचे राहून गेले असेल तर?’ असा प्रश्न ठेवून, पहिले दोन तास धागा नेमका कुठे तुटला हे शोधण्यात जातात आणि गरज पडल्यास पाचवीचे पुस्तकही काढले जाते, एवढे साधेपणाने सांगितले की पुरते.

नसलेली शंका मात्र पेरू नये. तास हॉलमध्ये, घरात मोठे माणूस असतानाच होतो, हे सांगणे योग्यच. पण ‘शिक्षकांनी वस्तू फोडल्यास भरपाई कोण देणार?’ असे विचारून ज्या आईला ते सुचलेच नव्हते तिला शोकेसकडे पाहायला लावू नये. ‘नव्वद टक्क्यांची हमी आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ हेच असून ते त्याच एका शब्दाने सुरू व्हावे.

विभाग जमला की नाही, हे येणाऱ्या फोनांवरून कळते. संख्या कदाचित वाढणार नाही, पण पहिले वाक्य बदलते, ‘फी किती?’ ऐवजी ‘मंगळवार-गुरुवार जमेल का?’ असे विचारले जाऊ लागते. त्यानंतर वहीत एकच प्रश्न हट्टाने उरतो, तो म्हणजे सरांना रोज चहा द्यावा लागतो का. त्याचे उत्तर ‘पाणी पुरे’ असे असावे. मात्र छापण्यापूर्वी ते सरांना दाखवून घ्यावे.