सन्माननीय व्यासपीठ, म्हणजे सोफा

वास्तुशांतीला भाषण लागत नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण ऑफिसातल्या निरोप समारंभांत मीच बोलतो आणि टाळ्याही मिळवतो (त्या बोलणं संपल्याच्या असतात, हे बायकोचं मत). मी कागदावर सुरुवात लिहून काढली : 'सन्माननीय व्यासपीठ आणि उपस्थित मान्यवर!' व्यासपीठ म्हणजे हॉलमधला, प्लॅस्टिकही न काढलेला सोफा, आणि मान्यवर म्हणजे त्यावर पेंगणारे सासरे.

खरी अडचण श्रोत्यांची. पत्रिकेत 'भोजन साडेबारा ते तीन' छापलं की शेजारी बाराला डोकावतात आणि ऑफिसवाले दोनला उगवतात. जास्तीत जास्त माणसं एका जागी उभी सापडतात ती पूर्णाहुतीनंतरच्या आरतीला. मंत्रपुष्पांजली होऊन मुठीतली फुलं वाहिली, की तीच गर्दी तीर्थप्रसादाकडे सरकते. बोलायचं ते त्या फटीत.

फट मी बरोबर पकडली. मग नावं घ्यायला लागलो. आत्या झाल्या, दोन्ही काका झाले, ठाण्याचे मामा झाले. त्यात होमाचा धूर डोळ्यांत जाऊन पाणी आलं. लोकांना वाटलं मी गहिवरलो. एक काकू तर पदर डोळ्यांना लावून बसल्या. एवढी दाद कधीच मिळाली नव्हती, म्हणून मी गृहकर्जाच्या व्याजदराकडे वळलो. गुरुजींना पुढच्या यजमानांचा फोन येत होता. केटररचा पोऱ्या झारा घेऊन दारात आला : "साहेब, पुऱ्या सोडू का?"

तेवढ्यात आई पुढे झाली. "सगळे वेळ काढून आलात, घर भरल्यासारखं वाटलं. मोठ्यांनी आशीर्वाद द्या, लहानांनी भिंतींवर चित्रं काढू नका. खोल्या बघून घ्या, आणि जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

झालं! पंधरा-वीस सेकंदांत लोक हसले आणि हललेसुद्धा. रात्री भांडी मोजताना मी त्या बोलण्याची चिरफाड केली. तिनं एकही नाव घेतलं नाही, त्यामुळे कुणी राहिलंच नाही. 'मोठ्यांनी' म्हटल्यावर साठीच्या पुढचा प्रत्येक जण आपापल्या जागी ताठ झाला. विनोद एकच, तोही घरातलाच. आणि शेवटचं वाक्य सरळ पायांना उद्देशून : आधी कुठे जायचं, मग कुठे बसायचं. आभार, कर्ज, बिल्डर यांतलं काहीच नाही. माझ्या कागदावर तर यजमानांचा परिचयसुद्धा होता, म्हणजे माझा.

नावांच्या यादीत माझी सख्खी मावशी राहून गेली होती. ती जेवली, श्रीखंड दोनदा घेतलं, बाल्कनीची तारीफ केली आणि निघताना माझा पुढे आलेला हात ओलांडून आहेराचं पाकीट आईच्या हातात दिलं.