‘ओके सर’ला किती गुण?

समजा, यवतमाळच्या एका गावात कपाशीच्या गटावर सूचना आली: गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की कळवा. आता आलेल्या पोचींना गुण द्यायचे, म्हणून साहेबांनी तक्ता केला: नम्रता 4, उत्साह 3, शुद्धलेखन 3.

एकाने लिहिलं, ‘आदरणीय सर, अत्यंत मोलाचं मार्गदर्शन! सापळे लावलेसुद्धा.’ सूचना येऊन दोनच मिनिटं झाली होती. गुण 10.

दुसऱ्याने लिहिलं, ‘समजलं. अडीच एकरात 5 लावतो. ल्यूर किती दिवसांनी बदलायची?’ हेक्टराचे एकर यानं स्वतः केले, सूचनेतली उणीवही पकडली. पण ‘सर’ नाही, उद्गारचिन्ह नाही. गुण 3, तेही शुद्धलेखनाचे.

खरं तर तक्त्यात दोनच प्रश्न पुरले असते. सूचनेतला आकडा आपल्या शेताच्या मापात परत आला का? न केलेलं काम केल्याचं सांगितलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर गुण द्यायचे, दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर कापायचे. शंका विचारली तर जास्तीचे, मात्र सूचनेत काही राहिलंच नसेल तर शंका नाही म्हणून कापायचे नाहीत. नाहीतर लोक गुणांसाठी शंका काढतील.

हा नवा तक्ता साहेबांकडे पाठवला. त्यांची पोच आली: ‘ओके.’