तोंडाकडं बगू नगा

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना वाचता येत होतं, पण वाचण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. महापुरुषांच्या तसबिरी ज्या कपाटात असत, त्याची किल्ली त्यांच्या करगोट्याला. जयंतीच्या सकाळी परिपाठाआधी ते कपाटात हात घालत आणि नेमकी हवी ती तसबीर बाहेर काढत. माकणीला बदलून आलो तेव्हा मला याचं फार कौतुक वाटलं नाही. तसबिरीखाली नाव असतंच की, असं मला वाटलं. नाव नव्हतं, एकाही तसबिरीखाली नव्हतं.

त्याचं कारण 30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप लोहारा तालुक्यातही पोहोचला. आमच्या कपाटातल्या काचा गेल्या, आणि नावाच्या चिठ्ठ्या नेमक्या काचांवरच डकवलेल्या होत्या. नव्या काचा बसल्या, चिठ्ठ्या कुणी लिहिल्या नाहीत. मामा म्हणाले, "मी हाय की."

मी इतिहासाचा शिक्षक. चेहरे ओळखणं हा माझा विषय, अशी माझी समजूत. पहिल्याच 1 ऑगस्टला ती उतरली. त्या दिवशी आमच्याकडे दोन तसबिरी लागतात: लोकमान्य 1 ऑगस्ट 1920 ला गेले आणि त्याच दिवशी अण्णा भाऊ साठे जन्मले. मामा अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते, किल्ली मात्र घरून मागवली. अण्णा भाऊ मिळाले. मग पगडी, मिशी, उपरणं बघून मी दुसरी तसबीर काढली, हार घातला आणि टिळकांवर दहा मिनिटं बोललो. दुपारी मामा हजेरीपुरते आले, टेबलाकडे बघून थबकले.

"सर, हे गोखले हायत."

गोखले! जहालांच्या पुण्यतिथीला मी मवाळांना हार घातला होता.

"कशावरून?"

"चष्मा. टिळकांच्या फोटोला चष्मा नसतोय. आन काच बगा, कशी कोरी हाय. टिळकांच्या काचंवर कुंकवाचे थर हायत, खिळ्याला हाराचा दोरा गुतलेला असतोय."

आता हे दुसरं लक्षण कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात सापडेल? पण ते खरं होतं. गोखले वारले 19 फेब्रुवारी 1915 ला, आणि 19 फेब्रुवारीला शिवजयंती. तो दिवस गोखल्यांच्या वाट्याला कसा येणार? त्यांची 9 मेची जयंती उन्हाळ्याच्या सुट्टीत. काच कोरी राहणारच.

मग मी मामांची शिकवणी लावली. त्यांची रीत अशी: आधी डोकं बघायचं, मग कपाळ, मग हात, मग शेजारी कोण आहे ते. तोंड शेवटी, किंवा बघायचंच नाही. "चित्र काढणारा समद्यांना येकच नाक देतो, सर. आपल्या पेंटरला दुसरं येतच न्हाई." हे म्हणणं मी पुस्तकांवर ताडून पाहिलं. छोट्या चौकटीत, दोन रंगांत छापलेलं टिळकांचं चित्र घ्या आणि पगडी बोटाने झाका. उरतो तो कुणीही मिशीवाला मध्यमवयीन माणूस. पगडीच्या जागी पागोटं धरा, तो जोतीराव होतो. पागोटं आणि मिशी काढून काळे केस, चष्मा, निळा कोट आणि हातात पुस्तक द्या, बाबासाहेब. केस काढून, मिशी परत लावून, चष्मा गोल करून कोटाच्या जागी पंचा आणि काठी दिली की बापू.

यात खाचाखोचाही असतात. भगतसिंगांचा गाजलेला फोटो आहे फेल्ट हॅटमधला, 1929 चा. पण भिंतीवरचा भगतसिंग पिवळ्या फेट्यात असतो. मामांना दोन्ही मान्य. "हॅट बी त्येच, फेटा बी त्येच. मिशीला पीळ देत उघडा उबा असंल तर आझाद."

त्यांना गप्प करावं म्हणून मी एकदा शिवाजी महाराजांचं उदाहरण दिलं. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र कितीतरी वर्षं महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. 1933 साली वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल चित्र पुढे आणलं, तेव्हा लोकांना चूक कळली. "आता सांगा मामा, तिथं पोशाख का नाही उपयोगी पडला?"

मामांनी विडीचं टोक विझवलं. "त्या वक्ताला समदे सरदार येकसारखेच कपडे घालत असतील न्हवं? वर्दी सारखी असली की टोपीचा काय उपेग? मग कागदच बगावा लागतो, खाली कुणी काय लिवलंय." थोडं थांबून म्हणाले, "आन लिवणाऱ्यानंच चुकीचं लिवलं तर झालं कल्याण."

एवढं नेमकं मला बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची खरी परीक्षा झाली ती भिंती बोलक्या करण्याच्या वर्षी. तालुक्याहून पेंटर आला, आठ दिवसांत बारा महापुरुष काढले, "नावं उद्या लिवतो" म्हणाला, आणि उचल घेऊन गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी साहेबांची भेट ठरलेली. मी चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन उभा, मामा पुढे.

वीणा-चिपळ्या म्हणजे तुकोबा. हातात खराटा, अंगात चिंध्या म्हणजे गाडगेबाबा. खंजिरी म्हणजे तुकडोजी. हे तर पहिलीतलं पोरगंही सांगेल. पदर डोक्यावर घेतलेल्या तीन बायांपाशी मी अडलो, कारण तिघींची तोंडं पेंटरने एकाच साच्यावर मारलेली. मामा अडले नाहीत. तळहातावर पिंड, पांढरं लुगडं, म्हणजे अहिल्याबाई. कपाळी आडवी चिरी, हातात पुस्तक, म्हणजे सावित्रीबाई. तिसरीच्या मांडीशी लाकडी तलवार घेतलेलं पोरगं उभं, म्हणजे जिजाऊ. "पोरगं पुसलं तर मग मला बी सांगता यायचं न्हाई," हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

जिरेटोप दोन होते. इथे डोकं कामाचं नाही, पोशाख कामाचा नाही, दाढीही तीच. मामा मागे सरकले, दोन्ही चित्रांकडे बघितलं आणि म्हणाले, "जिजाऊच्या शेजारचे थोरले. त्यांच्या पल्याडचे संभाजीराजे. पेंटर तक्त्यावरून उतरवतो, रांग मोडत न्हाई." तक्ता काढून पाहिला. रांग तीच होती.

भगतसिंग, फुले, बाबासाहेब अशी नावं पडत गेली आणि बारावं चित्र पाण्याच्या टाकीजवळ उरलं. डोक्यावर काही नाही, चष्मा नाही, मिशी नाही, हातात काही नाही. साधा पांढरा सदरा. तक्त्यात असा कुणी नव्हता. मी दोन-तीन नावं सुचवली. मामांनी प्रत्येक नावाला मान हलवली. मग खाली बसून त्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. खिशात ब्रश होता.

"पेंटर हाय," मामा म्हणाले.

साहेब अकराला आले. बाराव्या चित्राखाली तोवर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'पाणी जपून वापरा'. ते अजून तसंच आहे.