अध्यक्षीय स्वागत

डहाणू-तलासरीच्या तमाम 'करमचंद'प्रेमींनो, स्नेहमेळाव्यात आपले स्वागत!

१९८५ साली दूरदर्शनवर पंकज कपूर काळा चष्मा लावून, गाजर खात खुनी पकडायचे. पोलीस महिनोन्महिने पंचनामे करतात. करमचंदला एक भाग नि एक गाजर पुरे. पडद्यावर मुंग्या आल्या की आपण कौलांवर चढून अँटेना फिरवायचो. खाली उतरेपर्यंत खुनी पकडलेला असायचा. पुरावा न पाहता निकालावर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला तेव्हाच लागली.

हीच शास्त्रशुद्ध पद्धत मंडळाने स्वीकारली आहे. फक्त गाजराऐवजी चिकू, कारण भौगोलिक मानांकन डहाणूच्या चिकूला आहे. शिवाय पिकलेला चिकू सोलला की बोटे चिकट होतात, त्यामुळे ठसे आयतेच मिळतात.

गेल्या वर्षी वर्गणीची पेटी रिकामी निघाली. झाकणावर चिकट ठसे होते म्हणतात. तपास मी जातीने केला, चष्मा लावूनच. काही दिसले नाही, सबब प्रकरण निकाली. सचिवबाई हात वर करताहेत, पण करमचंदच्या सहायक किटीने मध्ये बोलायचे नसते, हे त्यांना नव्याने का सांगायचे?

आता यंदाची वर्गणी. पेटी माझ्याकडेच आहे. चिकू घेता घेता एकेकाने पुढे यावे.